पिशवीवरची टक्केवारी, पातेल्यातली टक्केवारी

साशंक : फुल क्रीम दुधाची एक पिशवी आणि टोन्ड दुधाची एक पिशवी एका पातेल्यात ओतली की ४.५ टक्के स्निग्धांशाचे दूध सिद्ध झाले, असे आपण इतक्या निःशंकपणे सांगता की ऐकणाऱ्याला वाटावे, दही आणि मिठाई यांचा सारा प्रश्न आता बेरीज-वजाबाकीत मिटला. माझा आक्षेप त्या बेरजेवर नाही. ती बरोबरच असेल. माझा आक्षेप असा आहे की म्हशीच्या दाट दुधातला स्निग्धांश एका ठिकाणी कारखान्यात खाली ओढायचा, त्याला टोन्ड असे नाव द्यायचे, आणि मग घरी त्यातच दाट दूध घालून तो पुन्हा वर चढवायचा, या जाण्या-येण्यात दुधाचे काही हरवते की नाही, याचा विचार आपल्या हिशेबात कुठेच दिसत नाही. आणि शिवाय, ज्या बायकांनी जन्मभर कवडी दही लावले त्यांनी टक्केवारीचा उच्चारही कधी केला नव्हता. दूध बोटाला कसे लागते आणि साय किती जाड धरते, एवढ्यावर त्यांचा कारभार चाले.

आग्रही : त्या बायकांचे दूध एकाच गोठ्यातून, बहुधा एकाच म्हशीचे येत असे, बोटाला रोज तेच लागत होते, म्हणून बोट हेच माप पुरेसे ठरत होते. आज पिशवीतल्या दुधाला गोठा उरलेला नाही, त्याच्यावर आकडा मात्र छापलेला आहे, आणि जो दाखला हाती आहे त्याचा उपयोग करू नये, असे म्हणण्यात मला शहाणपण दिसत नाही. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत फुल क्रीम दुधाला स्निग्धांश ६ टक्के आणि स्निग्धेतर घनांश ९ टक्के, तर टोन्ड दुधाला स्निग्धांश ३ टक्के आणि स्निग्धेतर घनांश ८.५ टक्के असे किमान प्रमाण ठरलेले आहे. मधले ४.५ टक्क्यांचे स्टँडर्डाइज्ड दूधही नियमात आहे, पण ते प्रत्येक गल्लीतल्या दुकानात सकाळी मिळेलच असे नाही. आणि मला कधी ४.५ हवे असतात, कधी ५, तर कधी ४ पुरतात.

यासाठी डेअरीतली माणसे ज्याला पिअर्सनचा चौकोन म्हणतात ती युक्ती इतकी सोपी आहे की ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावी. चौकोनाच्या डाव्या दोन कोपऱ्यांत आपल्याजवळचे दोन आकडे लिहावे, वर ६, खाली ३. मध्यभागी हवा असलेला आकडा लिहावा, समजा ५. आणि मग तिरप्या रेषेने मोठ्यातून लहान वजा करावे. सहातून पाच गेले, एक उरला, तो खाली टोन्डच्या समोर. पाचातून तीन गेले, दोन उरले, ते वर फुल क्रीमच्या समोर. म्हणजे दोन भाग फुल क्रीम, एक भाग टोन्ड. चार टक्के हवे असतील तर हेच प्रमाण उलटते, एक भाग फुल क्रीम आणि दोन भाग टोन्ड. साडेचाराला निम्मे-निम्मे. सहा आणि तीन हे आकडे इतके सोयीचे आहेत की कागदाचीसुद्धा गरज पडू नये. खरे पाहता हे मोजमाप वजनाने करायला हवे, पण अर्ध्या लिटरची पिशवी फुल क्रीमची असो वा टोन्डची, तिच्यातले दूध पाचशे पंधरा ग्रॅमच्या आतबाहेरच भरते. पिशव्या मोजल्या तरी फरक नगण्य राहतो.

आणि दूध खाली ओढून पुन्हा वर चढवण्याबद्दल आपण जे म्हणालात, त्यात एक इतिहास आहे, तो विसरू नये. १९४० नंतरच्या दशकात दारा खुरोडी यांनी मुंबईत हे टोन्ड दूध घडवले ते कुणाला फसवण्यासाठी नव्हे. म्हशीचे दाट दूध, पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी यांचा मेळ घालून तेवढ्याच दुधात अधिक मुलांच्या पेल्यांची तजवीज करायची, हा त्यामागचा हेतू होता. पेल्यासाठी जे खाली उतरवले ते सणासाठी थोडे वर चढवावे, यात त्या हेतूचा भंग होतो असे मला वाटत नाही.

साशंक : हेतूबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, आणि वजन-मापाचा सूक्ष्म फरकही मी सोडून देतो. पिशवीवरचा आकडा हा किमान आकडा आहे, दूध त्याहून थोडे सरस असू शकते, ही बाबही मी आपल्याच बाजूची मानतो. आपला चौकोन जे सांगतो त्याच्या खाली तरी आपण जाणार नाही. माझी शंका पातेले चुलीवर चढल्यानंतर सुरू होते.

आपण निम्मे-निम्मे मिसळून पाच किलो दूध घेतले असे धरू. त्यात साडेचार टक्क्यांनी २२५ ग्रॅम स्निग्धांश आला. आता आपल्या घरोघरी काय होते? दूध उकळते, उतरवून झाकून ठेवले जाते, तासा-दोन तासांत वर साय धरते, आणि ती साय चमच्याने अलगद उचलून तुपाच्या भांड्यात जाते. उरलेल्या दुधाला विरजण लागते. समजा २५० ग्रॅम साय निघाली आणि तिच्यात एक तृतीयांश स्निग्धांश असला. म्हणजे ८३ ग्रॅम स्निग्धांश दुधातून उठून गेला. पातेल्यात उरले ४ किलो ७५० ग्रॅम दूध आणि १४२ ग्रॅम स्निग्धांश. भागाकार करून पाहा, अगदी ३ टक्के. आपण ज्या टोन्ड दुधापासून निघालात त्याच टोन्ड दुधाशी परत आलात, आणि अडीच किलो फुल क्रीमचे जादा पैसे तुपाच्या खाती जमा झाले. तूप वाया गेले असे मी म्हणत नाही, पण दही साडेचार टक्क्यांचे आहे असे जे आपण मनाशी धरून बसलात ते मात्र खरे नव्हे. डेअरीत गर्बरच्या नळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून, फिरवून, नळीच्या मानेवर चढलेला स्निग्धांशाचा स्तंभ वाचतात. घरी ती सोय नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

आग्रही : ही वजाबाकी मी पूर्णपणे मान्य करतो, आणि आपण ती इतक्या नेटकेपणाने मांडली म्हणून आभारही मानतो, कारण यातून चौकोन चुकीचा ठरत नाही, तो कुठवर खरा राहतो तेवढे कळते. साय काढायची असेल तर ती आधी हिशेबात धरावी. काढायची नसेल तर ती धरूच देऊ नये: उकळलेले पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवावे आणि कोमट होईपर्यंत डावाने दूध सारखे वर-खाली करावे. जी पातळ साय तरीही जमते ती मोडून दुधातच जिरवावी. आणि हा खटाटोप टाळायचा असेल तर पिशवीवर होमोजिनाइज्ड असे छापले आहे का ते पाहावे. त्या दुधात स्निग्धांशाचे कण दाबाने फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. उकळल्यावर वर एक पापुद्रा येतो, पण ज्याला आपण साय म्हणतो ती धरत नाही.

इथे एक खूण सांगतो, ती कुणालाही घरी पाहता येईल. फुल क्रीम दूध पुष्कळदा होमोजिनाइज केलेले नसते, कारण गिऱ्हाइकाला साय हवी असते; टोन्ड मात्र पुष्कळदा केलेले असते. असे दोन्ही मिसळून न ढवळता लावलेल्या दह्याचे भांडे काचेचे घ्या. सकाळी वर बोटाच्या पेराएवढा, किंचित पिवळट, चिकटसर थर दिसतो आणि खाली शुभ्र दही. चमचा उभा घातला तर वरचा थर फाटून सुरकुततो, खालचे दही कापल्यासारखे तुटते. तो थर दिसला की समजावे, आपले साडेचार टक्के भांडेभर पसरलेले नाहीत. वर त्याहून बरेच अधिक आहेत आणि खाली बरेच कमी.

साशंक : आपण आता ज्या भांड्याचे वर्णन केलेत तेच मी एकदा तीस माणसांच्या पंगतीत वाढले आहे. मठ्ठा नको, घट्ट दहीच हवे, असा यजमानांचा आग्रह होता, म्हणून मी हिशेब न करता सगळे दूध फुल क्रीमच घेतले. माझी समजूत अशी की स्निग्धांश जितका अधिक तितके दही घट्ट. पहिल्या चार-पाच पानांवर जे वाढले गेले ते लोण्यासारखे होते. पुढे डाव जसजसा खाली गेला तसतसे दही मऊ, मग सैल, आणि शेवटच्या पानांवर दह्याबरोबर निवळीचे पाणी वाहत गेले, ते भाताखाली शिरले. त्या दिवसापासून मी शोध घेऊ लागलो की दह्याला उभे कोण धरते. आणि जे उत्तर मिळाले ते आपल्या चौकोनाच्या मुळावरच येते.

दह्याचा सांगाडा स्निग्धांशाचा नसतो, प्रथिनांचा असतो. विरजणातले जीवाणू दुधातल्या शर्करेपासून आम्ल तयार करतात, आम्लतेने केसीन हे प्रथिन एकमेकाला चिकटून जाळे विणते, आणि त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश दोन्ही अडकून राहतात. जाळे दाट हवे असेल तर प्रथिन अधिक हवे, म्हणजे स्निग्धेतर घनांश अधिक हवा. आता आपल्या दोन पिशव्यांकडे पाहा. एकीत ९, दुसरीत ८.५. आपण त्यांचे कोणतेही मिश्रण करा, स्निग्धांश तीनपासून सहापर्यंत दुपटीने हलेल, पण घनांश या अर्ध्या टक्क्याच्या बाहेर पाऊल टाकू शकत नाही. निम्मे-निम्मे मिश्रणात तो ८.७५ होतो. ज्या गृहिणीची तक्रार दही पातळ लागते अशी आहे, तिला आपण एक काटा दिला आहे जो ज्या बाबीवर तक्रार आहे तिला जवळजवळ हात लावत नाही. तिने पैसे घट्टपणासाठी मोजले आणि तिला मिळाला तो स्निग्धपणा.

आग्रही : हा आपला सर्वांत सबळ आक्षेप आहे. एक दुरुस्ती मात्र आवश्यक वाटते. स्निग्धांशाचा सांगाड्याशी काहीच संबंध नाही हे होमोजिनाइज न केलेल्या दुधापुरते बरेचसे खरे आहे. तिथे मोठे कण जाळ्यात नुसते अडकतात किंवा वर निघून जातात. पण होमोजिनाइज्ड दुधात कण फुटताना त्यांचे मूळचे आवरण अपुरे पडते, आणि त्या नव्या पृष्ठभागावर केसीन येऊन बसते. असा प्रत्येक कण मग विणकामातली एक गाठ बनतो. त्या दुधात स्निग्धांश वाढला तर दही खरोखरच अधिक घट्ट आणि एकजीव लागते. तेव्हा आपल्या पंगतीत जे घडले त्याचा दोष सहा टक्क्यांवर जितका जातो, तितकाच ते सहा टक्के कोणत्या अवस्थेत होते यावर जातो.

घनांशाबद्दल मात्र आपले म्हणणे मी उचलून धरतो आणि त्याच्यापुढे एक पाऊल टाकतो. चौकोनाला जे हलवता येत नाही ते चुलीला येते. उकळताना दुधातून निघून जाते ते केवळ पाणी; स्निग्धांश आणि घनांश दोन्ही मागे राहतात, आणि दोघांचेही प्रमाण सारखेच वर चढते. म्हणून मी आता निम्मे-निम्मे मिसळत नाही. एक भाग फुल क्रीम आणि दोन भाग टोन्ड घेतो. हे झाले ४ टक्के स्निग्धांश आणि साधारण ८.६७ टक्के घनांश. रिकामे पातेले आधी तोलून ठेवतो, दूध घालून तोलतो, आणि मंद आचेवर, तळ ढवळत, दूध नऊदशांश होईपर्यंत आटवतो. पाच किलोचे साडेचार किलो झाले की खाली उतरवतो. आता स्निग्धांश झाला ४.४ आणि घनांश झाला ९.६. स्निग्धांश जवळजवळ तोच, जो निम्मे-निम्मे मिश्रणाने मिळाला असता. पण घनांशाने नऊची हद्द ओलांडली, जी कोणत्याही पिशवीला ओलांडता आली नव्हती. इंधन न जाळता हेच साधायचे असेल तर पाच किलो निम्मे-निम्मे दुधात शंभर ग्रॅम स्निग्धांशरहित दुधाची भुकटी थोड्या कोमट दुधात कालवून घालावी. घनांश दहाच्या वर जातो, स्निग्धांश साडेचाराच्या किंचित खाली येतो. चव मात्र भुकटीची लागते, असे काही जण म्हणतात, आणि ती मलाही लागते. म्हणून माझा कल आटवण्याकडे आहे.

साशंक : आता आपण अशा जागी आलात जिथे मला आनंदही होतो आणि चिंताही वाटते. आनंद अशासाठी की आपण आकडा पिशव्या मिसळताना न ठरवता आटवण्याच्या आधीचा आकडा मागे चालत जाऊन काढलात. चिंता अशासाठी की ही मागची वाट प्रत्येक पदार्थात वेगळी आहे, आणि काही पदार्थांत ती सापडतच नाही. चक्क्याचे उदाहरण घ्या. गुढीपाडव्याला श्रीखंड करायचे म्हणून आपण पाच किलो निम्मे-निम्मे दुधाचे दही लावले, साय न काढता, उत्तम ढवळून. २२५ ग्रॅम स्निग्धांश त्यात आहे. दही फडक्यात बांधून टांगले. रात्रभरात निवळी गळाली, आणि तिच्याबरोबर केवळ पाणी गेले नाही; दुधातली बरीचशी शर्करा गेली, आम्ल गेले, क्षार गेले, निवळीत विरघळलेली थोडी प्रथिने गेली. स्निग्धांश मात्र चांगल्या विणीच्या फडक्यातून फारसा सुटत नाही. सकाळी चक्का दीड किलो भरला तर त्यात स्निग्धांश १५ टक्के. पण रात्री उकाडा होता, किंवा आपण गाठोडे दोनदा पिळले, आणि चक्का सव्वा किलोच भरला, तर तोच स्निग्धांश १८ टक्के.

याचा अर्थ असा की दुधाच्या मिश्रणात आपण जी काळजी घेतली, अर्धा टक्का इकडे की तिकडे, तिच्याहून मोठा फरक एका गाठीच्या घट्टपणाने केला. पाच टक्क्यांच्या दुधाचा चक्का सैल बांधला आणि साडेचारांच्या दुधाचा पिळून काढला, तर साडेचारांचा अधिक स्निग्ध निघेल. तोंडाला लागतो तो चक्क्यातला आकडा. मग दुधाच्या आकड्याचे महत्त्व ते किती उरले? ज्या घरी श्रीखंड दर वर्षी वेगळे होते, त्या घरी दोष दुधाचा म्हणून दूधवाला बदलला जातो. खरे तर कसूर टांगलेल्या गाठोड्याची असते, आणि ते गाठोडे सकाळी कुणी तोललेले नसते.

आग्रही : चक्का तोलावा, ही आपली सूचना मी आजच भिंतीवर चौकोनाखाली लिहून ठेवीन, दूध किती घेतले, चक्का किती भरला, हे दोनच आकडे पुरेत. पण मिश्रणाला आपण जो एवढा कमीपणा देता, त्यावर एक उत्तर आहे, आणि ते मिठाईतून येते. खवा करताना दुधातून काय निघून जाते? केवळ वाफ. साय वेगळी होत नाही, निवळी गळत नाही, खुरचणे सारे कढईच्या कडेवरून पुन्हा आत ओढले जाते. जिथे केवळ पाणी जाते तिथे स्निग्धांश आणि घनांश यांचे परस्परांशी असलेले प्रमाण पहिल्या उकळीपासून शेवटच्या गोळ्यापर्यंत रतिभरही बदलत नाही. म्हणून खव्याचे भवितव्य दूध मिसळतानाच ठरलेले असते, आणि नंतर कढईत कितीही कसब दाखवले तरी ते फिरत नाही.

हिशेब पाहा. नियम असा की खव्याच्या कोरड्या भागात किमान ३० टक्के स्निग्धांश हवा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ आणि घनांश ८.५, दोन्ही मिळून साडेअकरा. त्यात स्निग्धांशाचा वाटा २६ टक्के. म्हणजे नुसत्या टोन्ड दुधाचा खवा, कितीही प्रामाणिकपणे आटवला, तरी नियमाला उतरत नाही. आणि जिभेलाही उतरत नाही, कारण तो कोरडा, चिवट होतो, पेढा वळताना त्याच्या कडांना चिरा पडतात आणि बोटाला तुपाची ओल लागत नाही. एक भाग फुल क्रीम आणि तीन भाग टोन्ड घेतले तर वाटा जेमतेम तिसाच्या पलीकडे जातो. एकास दोन घेतले तर साडेएकतीस. निम्मे-निम्मे घेतले तर ३४. आणि नुसत्या फुल क्रीमचा ४०. माझा अनुभव असा की पेढ्याला एकास दोन कमी पडते, निम्मे-निम्मे पुरते, आणि नुसत्या फुल क्रीमचा खवा साखर घालून परतताना कडेने तूप सोडू लागतो, ते गुलाबजामाला गैरसोयीचे होते. इथे अर्ध्या टक्क्याला अर्थ आहे. आपल्या गाठोड्यासारखे काही नंतर येऊन त्याच्यावर कुरघोडी करत नाही.

साशंक : खव्यापुरते मी शस्त्र खाली ठेवतो. साय गेली तर हिशेब बिघडतो, निवळी गेली तर तो नव्याने मांडावा लागतो, आणि पाणी गेले तर तो टिकतो, एवढे आपण दोघांनी मिळून मोकळे केले. पण एक गाठ अजून सुटत नाही, आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. आपण एकास दोन घेऊन, आटवून लावलेले दही निम्मे-निम्मे मिश्रणाच्या दह्याहून घट्ट येते, आणि त्याचे श्रेय आपण आटल्यामुळे चढलेल्या घनांशाला देता. पण आटवताना दूध दीर्घकाळ तापलेही. पंचाऐंशी-नव्वद अंशांच्या उष्णतेवर काही काळ राहिले की निवळीतली प्रथिने उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. मग दही लागताना तीही जाळ्यात विणली जातात, आणि जाळे पाणी अधिक धरून ठेवते. आपले दही घट्ट झाले ते पाणी उडाल्यामुळे, की दूध अर्धा तास तापल्यामुळे? जर तापल्यामुळे, तर आटवण्याची गरजच नव्हती. झाकण ठेवून मंद आचेवर तेवढाच वेळ ठेवले असते तरी चालले असते. शिवाय आपल्या फुल क्रीम पिशवीत म्हशीच्या दुधाचा वाटा किती आणि गाईच्या दुधाचा किती, हे पिशवी सांगत नाही. आणि साडेचार टक्के म्हशीच्या दुधाचे आणि साडेचार टक्के गाईच्या दुधाचे दही माझ्या हाताला कधीच सारखे लागलेले नाही.

आग्रही : म्हशीच्या आणि गाईच्या वाट्याबद्दल माझ्याजवळ काही उत्तर नाही, एकाच डेअरीच्या पिशव्या सतत घ्याव्या, म्हणजे निदान तो वाटा रोज बदलत नाही अशी आशा धरता येते, एवढेच. पण तापण्याच्या प्रश्नाची खातरजमा करता येईल. एकास दोन मिश्रण पाच किलो करून त्याचे दोन समान भाग करू. दोन सारखी पातेली, दोन सारख्या आचा. एक उघडे ठेवू, एकावर घट्ट झाकण. दोन्ही तेवढाच वेळ तापतील. उघड्यातले पाणी जाईल, झाकलेल्यातले झाकणाला लागून पुन्हा खाली पडेल. उतरवून दोन्ही तोलू, दोन्ही सारखे ढवळून निववू, कोमट असतानाच एकाच विरजणाचा मापून एकेक चमचा लावू.

साशंक : आणि तिसरे पातेले हवे. निम्मे-निम्मे मिश्रणाचे, केवळ एक उकळी काढून उतरवलेले. म्हणजे आपण ज्या दुधापासून बोलायला सुरुवात केली ते.

आग्रही : तिसरेही घेऊ. सकाळी तिन्ही दह्यांवर चमचा उभा रोवून पाहू, आणि एकेक वाटी दही चाळणीत काढून तासाभरात खाली किती निवळी पडते ती मोजू.

साशंक : झाकलेल्या पातेल्याची निवळी उघड्याइतकीच कमी भरली तर?

आग्रही : तर भिंतीवरच्या चौकोनाखाली मला आणखी एक ओळ लिहावी लागेल, आणि ती टक्क्यांत लिहिता येणार नाही; किती अंश आणि किती वेळ, अशी लिहावी लागेल.

साशंक : आणि ती आपल्या आचेची असेल, माझ्या नव्हे. पितळेच्या पातेल्यात लावायचे की स्टीलच्या, हेही ठरवून ठेवा. विरजण मी घेऊन येतो. कालचे आहे, फार आंबट झालेले नाही.